लाल राईटखालचं निळं अक्षर: फोटोतून दोन शाया वेगळ्या करताना

प्रश्न: नमस्कार सर. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिकवतो. पाचवीच्या मुलांनी पोळ्यावर निबंध लिहिले होते. वह्या तपासून झाल्या आहेत, अन् लाल पेनाचे राईट, गोळे, शेरे सगळे अक्षरांवरूनच गेलेत. मला पोरांनी मुळात काय लिहिलं ते जसंच्या तसं पाहिजे, अन् तपासणी वेगळी पाहिजे. मोबाईलनं फोटो काढून लाल रंग सिलेक्ट करून पुसला, तर जिथं लाल रेघ अक्षरावरून गेली तिथं अक्षरच तुटते. काय करावं?

उत्तर:

अक्षर तुटतं, कारण ‘सिलेक्ट करून पुसणे’ या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारला जातो: तू लाल की निळा? जिथे दोन रेघा एकमेकींवर आल्या आहेत तिथे खरं उत्तर ‘दोन्ही’ असतं. पण टूलला ते उत्तर माहीत नाही. फोटोत ती जागा गर्द जांभळट, जवळजवळ काळी दिसते. टूल तिला लालात धरतं नाहीतर सोडून देतं. लालात धरलं की अक्षराला भोक पडतं, सोडलं की अक्षरावर लाल रेघेचे तुकडे राहतात. सिलेक्शनची मर्यादा कितीही वरखाली केली तरी या दोनांपैकी एक होणारच, त्यात वेळ घालवू नका.

भोक पडलं की ते ‘हील’ किंवा ‘इनपेंट’ टूलने भरण्याचा मोह होतो. निदान तुमच्या कामात ते करू नका. ते टूल आजूबाजूचं बघून अंदाजाने रेघ ओढतं. मुलाने वेलांटी ह्रस्व काढली होती की दीर्घ, हेच तुम्हाला बघायचं असेल आणि नेमक्या तिथेच मशीनने रेघ ओढली, तर हाती आलेलं अक्षर मुलाचं राहत नाही.

म्हणून प्रश्नच बदलायचा. ठिपका लाल की निळा हे न विचारता, इथे लाल शाई किती आणि निळी किती, हे विचारायचं. आणि यातलं निम्मं उत्तर तुमच्या फोटोत आधीच तयार आहे.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती आला त्याचे. कागदावरची शाई प्रकाश देत नाही, कागदाकडून येणारा प्रकाश अडवते. लाल शाई हिरवा आणि निळा प्रकाश अडवते, लाल जवळजवळ तसाच जाऊ देते. म्हणजे नुसत्या लाल प्रकाशात पाहिलं तर लाल राईट पांढऱ्या कागदात विरून जातो. निळी बॉलपेनची शाई मात्र लाल प्रकाश जोरात अडवते, म्हणून ती तिथे काळीभोर दिसते. छेदाच्या जागी लाल शाई वर असो की खाली, लाल प्रकाशाला ती आडवी येतच नाही. अक्षर सलग दिसतं. काही कापावं लागत नाही आणि काही भरावंही लागत नाही.

संगणक उघडण्याआधी वहीवरच याची खात्री करून घेता येते. सजावटीचा लाल जिलेटिन कागद घ्या, दोन पदरी करा आणि डोळ्यासमोर धरून वही बघा. गुरुजींचा राईट गायब झाला आणि पोराचं अक्षर उभं राहिलं, तर ते पान वेगळं होणार. अक्षरही सोबत फिकं पडलं, तर पेन निराळं आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

संगणकावर GIMP मोफत मिळतं. फोटो उघडून `Colors > Components > Decompose` वर जा, मॉडेल RGB निवडा आणि लेयर्समध्ये वेगळं करायला सांगा. तीन करड्या प्रती मिळतील. त्यातली red नावाची प्रत म्हणजे पोराची वही. वहीची लाल मार्जिनची रेघही त्यात जवळपास नाहीशी झालेली असेल.

तरी या प्रतीत राईटची फिकट सावली राहते, कारण कोणतीही लाल शाई लाल प्रकाश शंभर टक्के सोडत नाही. ती घालवायला Decompose ऐवजी `Colors > Components > Mono Mixer` वापरा. Green शून्य ठेवा. Red एकापासून थोडं वाढवत न्या आणि Blue तेवढंच उणे करत जा. साधारण ०.१ ते ०.३ च्या दरम्यान कुठेतरी राईट कागदात मिसळून जातो. त्यापुढे गेलात तर राईटच्या जागी पांढरी रेघ उमटायला लागते. तेव्हा थांबा आणि किंचित मागे या. मुलाचीच प्रत हवी असेल तर काम इथेच संपलं, पुढचा हिशेब वाचला नाही तरी चालेल.

मात्र हे करूनही अनेकांना राईटच्या जागी एक बारीक करडी रेघ आणि तिच्या दोन्ही कडांना पांढुरका पट्टा दिसतो. Mono Mixer कितीही फिरवला तरी तो जात नाही. हा दोष शाईचा नाही, फोटोच्या फाईलचा आहे. बहुतेक मोबाईल ज्या जेपीईजीत फोटो ठेवतात, त्यात उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा लिहिलेला असतो, पण रंग चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, म्हणून जागा वाचवायला तसं केलेलं आहे. लाल रेघ बारीक असली की तिचा काळोख नेमका रेघेवर राहतो आणि तिचा लालपणा शेजारी पसरतो. मग लाल चॅनेल, म्हणजे ती red प्रत, बनवताना रेघेच्या मधोमध लालपणा कमी पडतो आणि ती करडी दिसते. कडांना तो जास्त होतो आणि त्या पांढऱ्या पडतात.

यावर उपाय एकच: रेघ जाड येईल असा फोटो. बॉलपेनची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर असते. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे ४००० बाय ३०००, ए-फोरएवढं पान पुरं बसवलं तर त्या रेघेला सहा-सात ठिपके मिळतात. चालतं, पण काठावर. अर्धंच पान घेतलं तर नऊ-दहा मिळतात, आणि मी तसंच सुचवेन. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लांब बाजू १६०० ठिपक्यांच्या आसपास उरते आणि रेघेला तीनच ठिपके येतात. त्यात अनुस्वार वाचत नाही. गावातल्या नेटवर्कवर मोठी फाईल जाता जात नाही हे खरं आहे, पण पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावून उतरवून घ्या. आणि मोठा फोटो काढल्यावर वेगळा करण्याआधी तो निम्म्या मापाचा करा. उलटं वाटेल, पण निम्मा केला की उजेडाचे ठिपके आणि रंगाचे चौकोन एकाच मापाचे होतात आणि त्या पांढऱ्या कडा बऱ्याच विरतात.

स्कॅनर ॲपने काढलेला फोटो या कामाला नको. ती ॲप्स कागद पांढराशुभ्र आणि शाई गडद करतात. वाचायला छान, पण छेदाच्या जागी लाल आणि निळ्यातला जो थोडा फरक उरलेला असतो तो त्यात दाबला जातो. साधा कॅमेरा, फ्लॅश बंद, फिल्टर बंद.

उजेड शाळेच्या व्हरांड्यातला घ्या. उन्हाची तिरीप वहीवर नको, आणि रंगवलेल्या बोलक्या भिंतीला अगदी चिकटूनही नको, कारण पिवळ्या-निळ्या भिंतीचा रंग अर्ध्या पानावर पडतो. कडुनिंबाखाली तर नकोच. पानांतून झिरपणाऱ्या उजेडाचे कवडसे पुढे कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. वहीचा कागद पातळ असेल आणि मागच्या पानाचं लिखाण दिसत असेल, तर त्या पानाखाली काळं कार्डशीट सरकवा. मागची अक्षरं बरीच दबतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, तपासणी वेगळी काढणं. हा अवघड आहे, कारण निळी शाई लाल शाईइतकी सरळ वागत नाही. लाल शाई लाल चॅनेलमधून जवळजवळ पूर्ण निघून जाते. निळी शाई निळ्या चॅनेलमधून पूर्ण जात नाही, ती निळा प्रकाशही थोडा अडवतेच. म्हणून निळ्या चॅनेलच्या प्रतीत गुरुजींची लाल खूण गडद दिसते, पण मागे पोराचं अक्षरही फिकट दिसत राहतं. ते वजा करावं लागतं, आणि किती वजा करायचं यावरच सगळं अवलंबून आहे.

इथे पुष्कळ जण ‘निळ्या प्रतीला लाल प्रतीने भागा’ असा सल्ला देतात. भागल्यावर नुसतं अक्षर जिथे आहे तिथे पांढरं होतं, नुसता राईट आहे तिथे काळं होतं, म्हणून पहिल्या नजरेला काम झाल्यासारखं वाटतं. मग नीट बघावं तर राईट प्रत्येक अक्षरापाशी तुटलेला! म्हणजे तुमचीच अडचण, फक्त आता तुटतंय ते गुरुजींचं. कारण असं की भागाकाराने पोराच्या शाईचा सगळाच्या सगळा अंधार निळ्यातून वजा केला, प्रत्यक्षात निळ्यात तिचा वाटा जेमतेम पाचवा हिस्साच होता.

तो वाटा काढायचा कसा, ते एका शब्दावर दाखवतो. समजा मुलाने निबंधात ‘बैलाले सजवते’ असं घरच्या बोलीत लिहिलंय. गुरुजींनी ‘ले’ची मात्रा लाल रेघेने खोडून शेजारी लाल काना दिलाय, ‘ला’ केलंय. मात्रेवर लाल रेघ आडवी गेली आहे. आपल्याला एका प्रतीत ‘बैलाले’ हवंय आणि दुसऱ्या प्रतीत नुसती ती खोड आणि काना.

GIMP च्या Color Picker ने चार जागा वाचायच्या. सगळ्या एकमेकींजवळच्या हव्यात, म्हणजे उजेड सारखा राहतो. असे आकडे आले असं धरू:

कोरा कागद: लाल २२०, हिरवा २१४, निळा २००.
नुसता लाल काना: २०५, ६०, ७०.
नुसती निळी ‘ब’ची रेघ: ५०, ७०, १५०.
मात्रेवरचा छेद: ५३, ३०, ५९.

हे आकडे तसेच वजा करून चालत नाही. फोटो ठेवताना फोन उजेडाच्या आकड्यांना डोळ्याला बरा वाटेल असा बाक देतो, तो आधी काढावा लागतो. त्यानंतर ‘कागदाच्या मानाने किती प्रकाश अडला’ याचा लॉग घ्यायचा. लॉग का, तर एका शाईने प्रकाश दहावा हिस्सा केला आणि दुसरीने त्याचाही अर्धा केला, तर एकूण विसावा हिस्सा होतो. प्रकाश गुणाकाराने घटतो, आणि लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. या लॉगला मी शाईचा दाटपणा म्हणतो. छेदाच्या जागी दोन शायांचे दाटपणे सरळ एकमेकांत मिळवता येतात, हा सगळ्या पद्धतीचा पाया आहे. पॅथॉलॉजीवाले सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवरचे दोन रंग वेगळे मोजायला हाच हिशेब वापरतात. रुइफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी तो २००१ साली मांडला.

वरच्या आकड्यांवरून लाल शाईचा दाटपणा लाल चॅनेलमध्ये ०.०७ आणि निळ्यात ०.९७ येतो. निळ्या शाईचा लाल चॅनेलमध्ये १.३५ आणि निळ्यात ०.२८. छेदाच्या ठिपक्याचा लालमध्ये १.३०, निळ्यात १.१२. हिरवा चॅनेल मी मुद्दाम सोडला. दोन्ही शाया हिरवा प्रकाश अडवतात, त्यामुळे छेदाच्या जागी तिथे इतका अंधार होतो की कॅमेऱ्याच्या आकड्यावर भरवसा राहत नाही. त्याचा उपयोग पुढे तपासणीला करू.

आता दोन समीकरणं आणि दोन अज्ञात, r लाल शाईसाठी आणि b निळीसाठी, नववी-दहावीचं गणित:

```
0.07·r + 1.35·b = 1.30
0.97·r + 0.28·b = 1.12
```

सोडवलं की b = ०.९२ आणि r = ०.८९ येतं. म्हणजे त्या एका ठिपक्यात मुलाची शाई तिच्या नेहमीच्या दाटपणाच्या ९२ टक्के आहे आणि गुरुजींची ८९ टक्के. दोघांची रेघ तिथे अखंड आहे. वर म्हटलेला पाचवा हिस्सा म्हणजे ०.२८ भागिले १.३५, साधारण ०.२१. निळ्या चॅनेलच्या १.१२ मधून १.३० चा एवढाच हिस्सा वजा केला तर ०.८५ उरतं, लाल रेघ ठळक राहते. पूर्ण १.३० वजा केलं तर उत्तर उणे येतं आणि रेघ गायब. भागाकाराने नेमकं हेच केलं होतं.

एक-एक ठिपका हाताने करायचा नाहीच. पायथन आणि त्यात opencv-python, numpy ही पॅकेजेस असतील तर एवढ्या ओळी पुरतात:

```python
import cv2, numpy as np

im = cv2.cvtColor(cv2.imread("vahi.jpg"), cv2.COLOR_BGR2RGB) / 255.0
lin = np.where(im <= 0.04045, im / 12.92, ((im + 0.055) / 1.055) ** 2.4)
lin = cv2.resize(lin.astype(np.float32), None, fx=0.5, fy=0.5,
                 interpolation=cv2.INTER_AREA)

k = np.ones((61, 61), np.uint8)
bg = cv2.GaussianBlur(cv2.morphologyEx(lin, cv2.MORPH_CLOSE, k), (0, 0), 30)
D = -np.log10(np.clip(lin / bg, 0.003, 1))
R, B = D[:, :, 0], D[:, :, 2]

Mi = np.linalg.inv(np.array([[0.07, 1.35],
                             [0.97, 0.28]]))
lal  = Mi[0, 0] * R + Mi[0, 1] * B
nila = Mi[1, 0] * R + Mi[1, 1] * B
for name, x in (("lal.png", lal), ("nila.png", nila)):
    cv2.imwrite(name, np.uint8(255 * (1 - np.clip(x, 0, 1))))
```

पहिल्या तुकड्यात फोनने दिलेला बाक काढून फोटो निम्मा केला. दुसऱ्यात प्रत्येक जागेच्या आसपासचा कोरा कागद शोधून त्याच्याशी तुलना केली, म्हणजे पानाच्या एका कोपऱ्यात उजेड कमी असला तरी फरक पडत नाही. कवडशांना मात्र हे पुरत नाही, कारण कवडशाची कड अचानक बदलते. तिसऱ्यात वरचीच दोन समीकरणं साऱ्या पानावर सोडवली.

माझे चार आकडे तुम्ही जसेच्या तसे वापरू नका. `D`, म्हणजे दाटपणा, निघाल्यावर नुसत्या लाल रेघेच्या मध्यभागी `R` आणि `B` बघा, तो झाला कोडमधल्या चार आकड्यांचा पहिला स्तंभ. नुसत्या निळ्या रेघेवरचे आकडे हा दुसरा. रेघेच्या कडा घेऊ नका, त्यात कागद मिसळलेला असतो. दहा-वीस ठिपके बघून मधला आकडा धरा. गुरुजींचं लाल पेन सगळ्या वह्यांना बहुधा एकच असतं, तेव्हा पहिला स्तंभ एकदा काढला की त्याच दिवशी, त्याच जागी काढलेल्या फोटोंना चालून जातो. पोरांचं पेन मात्र वहीगणिक बदलतं. काही निळी बॉलपेनं चांगलीच जांभळट असतात. त्यांचा लाल चॅनेलमधला दाटपणा १.३५ ऐवजी ०.८ च्या आसपास येईल. मघाशी जिलेटिनमधून अक्षर फिकं दिसलं ते याच पेनांचं. तेही वेगळं होतं, फक्त त्याचा स्तंभ त्याच्याच वहीतून घ्यायचा.

निकाल खरा आहे की नुसता दिसायला बरा आहे, हे बघायला आता बाजूला ठेवलेला हिरवा चॅनेल काढा. हिशेबात तो कुठेच वापरलेला नाही, म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र आहे. माझ्या उदाहरणातल्या लाल शाईचा हिरव्यातला दाटपणा १.१७ आणि निळीचा १.०४. प्रत्येक ठिपक्याला निघालेले r आणि b यांच्याशी गुणून बेरीज करा आणि प्रत्यक्ष मोजलेल्या हिरव्या दाटपणाशी ताडून पाहा. छेदाबाहेर दोन्ही जवळपास जुळले पाहिजेत. छेदावर मोजलेला नेहमीच कमी भरतो. आपल्या ठिपक्यावर बेरीज २.०० येते आणि मोजलेला १.७१ आहे, कारण कॅमेरा त्याहून जास्त अंधार धड वाचत नाही. एवढा फरक सोसायचा. पण जिथे छेद नसायला हवा तिथेच मोठा फरक दिसला, तर पानावर तिसरी शाई आहे असं समजा.

ही तिसरी शाई बहुतेक वेळा काळी असते आणि ती चांगलंच फसवते. काळं पेन तिन्ही प्रकाश सारखेच अडवतं, समजा १.३, १.३, १.३. हे आकडे वरच्या समीकरणांत घातले तर b = ०.९१ आणि r = १.०८ येतं. म्हणजे संगणक छातीठोकपणे सांगतो की इथे निळ्यावर लाल गिरवलेलं आहे! काळ्या पेनाने लिहिलेलं पान निळ्याच्या स्तंभावर टाकलं, तर तपासणीच्या प्रतीत पोराचं अख्खं लिखाण गुरुजींच्या हस्ताक्षरासारखं उमटतं. हिरव्या चॅनेलने लगेच पकडता येतं, कारण बेरीज २.२१ सांगते आणि मोजलेला जेमतेम १.३ असतो. मुख्याध्यापकांची हिरवी सहीही अशीच दोन्ही प्रतींत घुसते. ती एका जागी असते, तेव्हा तेवढा भाग आधीच झाकून टाका.

काळ्या पेनाच्या वह्यांसाठी दुसरा स्तंभ काळ्याचा घ्या. मुलाची प्रत चांगलीच निघते, कारण ती लाल चॅनेलवर चालते. गुरुजींची प्रत मात्र काळ्या अक्षराखाली तुटणार, आणि ते कोणालाच टाळता येणार नाही. काळ्याने निळा प्रकाश आधीच इतका अडवलाय की वरून लाल शाई आली की नाही हे फोटोत उरतच नाही. मी असे तुकडे तसेच ठेवतो. जोडून दाखवायचेच असतील तर वेगळ्या रंगाने जोडा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की ही रेघ अंदाजाची आहे.

जेल पेनाचीही अडचण लक्षात ठेवा. दाटपणाची बेरीज तेव्हाच खरी, जेव्हा वरच्या शाईतून खालची दिसते. बॉलपेनची शाई पातळ रंगासारखी असते, तिच्यातून दिसतं. पुष्कळशा जेल शायांत बारीक पूड असते आणि ती खालचं झाकते. लाल जेलने निळ्यावर गिरवलं असेल तर लाल चॅनेलमध्येही छेदाजवळ अक्षर फिकं पडतं आणि b ०.९ ऐवजी ०.४-०.५ वर येतो. शून्य होत नाही तोवर अक्षर वाचता येतं, म्हणून मुलाची प्रत शुद्ध काळी-पांढरी करू नका, करडीच ठेवा. काळी-पांढरी केली की नेमके हेच फिके तुकडे उडतात. आणि कोणती रेघ आधीची, कोणती नंतरची, हे असल्या फोटोवरून ठरवायला जाऊ नका.

निळ्या बॉलपेनची एक खोड आहे, ती माहीत नसेल तर तासन्‌तास जातात. पोराने जोर देऊन, दोन-तीनदा गिरवून लिहिलं असेल तर शाईचा जाड थर साचतो आणि तिरप्या उजेडात त्यावर तांबूस चमक येते. फोटोत ती लाल शाईसारखीच दिसते. तपासणीच्या प्रतीत मुलाच्या अक्षरांच्या वळणांवर, पूर्णविरामांवर गडद ठिपके विखुरलेले दिसले तर ही चमक समजा. हिशेबात काही बदलू नका. वही तशीच ठेवून स्वतः उजेडाची बाजू बदला आणि फोटो पुन्हा काढा. ठिपके जागा बदलतील किंवा जातील. खरी लाल शाई कुठून पाहिलं तरी जागची हलत नाही. खालच्या वर्गांच्या पेन्सिलच्या वह्यांनाही अशीच चमक येते, फक्त ती पांढुरकी असते आणि अक्षर फिकं करते. बाकी पेन्सिल या कामाला काळ्या पेनापेक्षा कितीतरी बरी. तिचा दाटपणा कमी असल्याने वरून गेलेली लाल रेघ निळ्या चॅनेलमध्ये मोजता येते आणि दोन्ही प्रती सलग मिळतात.

पाचवीच्या वह्यांत बहुतेक पोरं निळ्या बॉलपेनने लिहिणारी असतील, तेव्हा आधी त्या घ्या. काळ्याच्या आणि जेलच्या वह्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. सुरुवातीला एकच पान करा, आणि त्यात लाल गोळ्याच्या रेघेखाली आलेला मुलाचा अनुस्वार शोधा. nila.png मध्ये तो टिंब शाबूत असेल आणि lal.png मध्ये नसेल, तर पुढच्या वह्या त्याच मापाने काढा. नसेल तर आकड्यांशी खेळत बसू नका, मोबाईल आणखी जवळ नेऊन फोटो परत काढा.